सूचना नको, विनंती विशेष

शेजाऱ्याला काही खटकणारे कळवायचे असेल तर ते जितके मोघम लिहावे तितके सौजन्याचे ठरते, असा एक समज सुशिक्षित मराठी माणसांत पक्का झालेला आहे. नाव घ्यायचे नाही, दिवस सांगायचा नाही, काय अडले तेही सांगायचे नाही. 'काही सभासद', 'निदर्शनास आले आहे', 'कृपया सहकार्य करावे' एवढे लिहिले की कोणालाही न दुखावता काम होते, असे आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहेच, शिवाय असभ्यही आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी म्हणत नाही. ज्या निरोपावरून हा लेख सुचला तो मोघम निरोप आम्हीच लिहिला होता. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही महाविद्यालयात हाच विषय शिकवणारे. तरीही लिहिताना आमच्या हातून तहसील कार्यालयातले परिपत्रक उतरले.

प्रकरण साधे आहे. आम्ही परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूला आठ घरांच्या एका अपार्टमेंटमध्ये राहतो. खाली खांबांवरचा मोकळा मजला आहे. त्याला सगळे 'पार्किंग' म्हणतात. तिथे आठ घरांच्या आठ जागा रंगाने आखलेल्या आहेत आणि फाटकाला लागून असलेली नववी जागा सगळ्यांची म्हणून मोकळी ठेवलेली आहे. पाहुणा आला, रुग्णवाहिका आली, कोणाचे सामान उतरवायचे असले, तर ती वापरायची. पण या जागेचे खरे महत्त्व तिच्या जमिनीत आहे. पाण्याच्या हौदाचे लोखंडी झाकण नेमके तिथे आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि मग पाच हजार लिटरचा टँकर मागवावा लागतो. टँकर रस्त्यावर उभा राहतो, चालकाचा मुलगा फाटकातून नळी आत ओढतो आणि झाकण उघडून हौदात सोडतो. झाकणावर गाडी उभी असेल तर यातले काहीच होत नाही. चालक दहा मिनिटे थांबतो, दोनदा हॉर्न वाजवतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे निघून जातो. त्याचेही बरोबरच आहे. त्याला सकाळी पाच फेऱ्या करायच्या असतात.

खालच्या मजल्यावरचे काका, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आपली गाडी रात्री या नवव्या जागेत लावत. सकाळी नऊच्या सुमारास ती बाहेर निघे. त्यांची स्वतःची आखलेली जागा मागच्या बाजूला रिकामी असे. एका शनिवारी सकाळी साडेसहाला टँकर आला आणि परत गेला. काकांना उठवायला कोणी गेले नाही. आठही घरे गॅलरीत उभी राहून टँकर परत जाताना पाहत होती. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले:

'सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, काही सभासद आपली वाहने सामाईक जागेत उभी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे इतरांची गैरसोय होत आहे. तरी सर्वांनी कृपया सहकार्य करावे.'

या निरोपाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण मोघमपणाचा खरा हिशेब तिथे होतो. पाच जणांनी अंगठा दाखवला. त्यात काकाही होते; आणि आम्हाला खात्री आहे की त्यांनी तो प्रामाणिकपणे दाखवला, कारण 'सामाईक जागा' म्हणजे फाटकाबाहेरची पट्टी, अशी त्यांची समजूत झाली होती. पहिल्या मजल्यावरचा तरुण मात्र दुखावला. त्याने आदल्या आठवड्यात एकदा आपली दुचाकी जिन्याखाली लावली होती. त्याला वाटले, ही सूचना आपल्यालाच. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. मंगळवारी टँकर पुन्हा यायचा होता आणि सोमवारी रात्री गाडी पुन्हा झाकणावर होती. म्हणजे ज्याला कळायला हवे होते त्याला कळले नाही, ज्याचा संबंध नव्हता त्याला लागले, आणि गाडी जागची हलली नाही. याला आपण सौजन्य म्हणत आलो आहोत.

आमचे एक सहकारी या मोघमपणाची बाजू घेतात, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, लहान गावात शेजारी हा फक्त शेजारी नसतो. तो उद्या लग्नपत्रिका घेऊन येणार असतो, त्याचा मेहुणा आपल्या संस्थेत असतो, त्याची नात आपल्या वर्गात असते. अशा माणसाला थेट बोलून कायमची अढी पाडून घेण्यापेक्षा चारचौघांत सर्वसाधारण सूचना टाकली तर त्याची अब्रू राहते. हा मुद्दा खरा आहे इतकाच की अब्रू राखली पाहिजे. पण चारचौघांतली सर्वसाधारण सूचना अब्रू राखते, हे आम्हाला मान्य नाही. आठ घरांच्या गटावर 'काही सभासद' म्हणजे कोण, हे सात घरांना ठाऊक असते. ज्याच्याबद्दल आहे तो एकटाच एक तर अंधारात असतो किंवा, कळले तर, सर्वांसमोर उभा केला जातो. आणि नाव घेतलेले नसल्यामुळे 'माझी बाजू ऐका' असेही त्याला म्हणता येत नाही. म्हटले, तर तो स्वतःच कबुली देतो. मोघम निरोपाला उत्तर देता येत नाही. आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

आपल्या जुन्या पत्रलेखनात हा दोष नव्हता. 'सा. न. वि. वि.' ही अक्षरे आज आपण सवयीने लिहितो आणि त्यातला शेवटचा 'वि.' कशाचा हे विद्यार्थ्यांना विचारले तर वर्ग गप्प बसतो. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. म्हणजे आधी नमस्कार, मग ही विनंती आहे याची कबुली, आणि मग 'विशेष', म्हणजे मुद्द्याची गोष्ट. विनंती आणि विशेष एकमेकांना चिकटून येतात, हे लक्षात घ्यावे. ज्या विनंतीत विशेष काहीच नाही ती त्या परंपरेत विनंतीच नव्हे. आणि मराठेकालीन पत्रांच्या मायन्यात येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे, अशा आशयाचे वाक्य ठरलेले असे. ते नुसते अलंकारिक नाही. मजकूर सुरू होण्याआधीच समोरच्याला उत्तराचा हक्क दिलेला आहे. आमच्या गटावरच्या सूचनेत नमस्कार नव्हता, विशेष नव्हते आणि उत्तराला जागाही नव्हती. होते ते फक्त 'करण्यात येते'.

या 'करण्यात येते'बद्दल थोडे बोलायला हवे. या रचनेत करणारा दिसत नाही. कार्यालयाला ती सोयीची आहे, कारण तिथे हुकूम माणसाचा नसून पदाचा असतो. पण शेजारी हे पद नाही. 'फाटकासमोर वाहन उभे केल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल' ही पाटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात दिसते. हवा कोण सोडणार, ते पाटी सांगत नाही. धमकी देणारा वाक्याआड लपलेला आहे. आमची सूचना या पाटीची सुशिक्षित बहीण होती, एवढाच फरक. तिच्यातही सूचना देणारे आम्ही लपलो होतो आणि गाडी लावणारे काकाही. दोघेही नाहीसे झाल्यावर निरोप कोणी कोणाला दिला?

'सहकार्य करावे' याचीही तीच गत. दामल्यांचे व्याकरण पुढे ठेवून आम्ही वर्गात आज्ञार्थ आणि विध्यर्थ वेगळे करून सांगतो. 'काढा' हा आज्ञार्थ, 'काढावी' हा विध्यर्थ. दुसरा अधिक नम्र, असे विद्यार्थी लिहून घेतात. जुन्या पत्रांत ते खरेही होते. 'कृपा असावी', 'लोभ असावा' यांत मागणे आहे. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत कार्यालयीन मराठीने या 'आवे'चा इतका वापर केला आहे की आज 'पादत्राणे बाहेर काढावीत' हे वाक्य कोणालाही विनंती वाटत नाही. त्यापेक्षा 'काका, जरा गाडी काढता का?' हे बोलीतले वाक्य शतपटीने नम्र आहे, जरी त्यात विध्यर्थ नसला आणि 'कृपया'ही नसले तरी.

आणि इथे मराठीत एक बारीक भेद आहे, जो आमच्या प्रकरणात निर्णायक ठरला. 'काढाल का?' हा प्रश्न इच्छेचा आहे. 'नाही' म्हणायचे तर समोरच्याला 'माझी इच्छा नाही' असेच म्हणावे लागते, आणि ते कोणी म्हणत नाही. मग तो 'हो' म्हणतो आणि करत नाही. 'काढता येईल का?' हा प्रश्न शक्यतेचा आहे. यात 'येत नाही' म्हणायला वाव आहे आणि पाठोपाठ कारण सांगायलाही. (अलीकडे 'तुम्ही गाडी काढू शकता का?' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती इंग्रजीतून उचललेली आहे आणि मराठी कानाला ती 'तुमच्यात तेवढी ताकद आहे का' अशी ऐकू येते.) चौथे रूप 'गाडी मागे लावत जा'. हे दिसायला साधे, पण त्यात नेहमीचा आरोप दडलेला आहे: तुम्ही रोज लावत नाही, रोज लावायला हवी. थोरल्या माणसाला हे रूप वापरू नये.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत, त्यांतले एक ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते आणि दुसरे आत घेते. जागा सामाईक आहे असे म्हणणाऱ्या निरोपात 'आमची गैरसोय होते' असे लिहिले की त्या एका शब्दाने काका सामाईकातून बाहेर पडले. हौद त्यांचाही आहे. पाणी त्यांच्या घरातही गेले नाही. म्हणून 'आपला टँकर परत गेला' हेच वस्तुस्थितीला धरून आहे. 'आपण'चा दुसरा, आदरार्थी उपयोग मात्र इथे टाळावा. रोज ज्यांना 'काका, तुम्ही' म्हणतो त्यांना लेखी निरोपात एकाएकी 'आपण आपले वाहन' असे लिहिले तर आदर वाढत नाही, अंतर वाढते. आपल्याला वकिलाची नोटीस आली आहे असे वाटून माणूस चष्मा शोधू लागतो.

त्या सोमवारी रात्री आम्ही काकांना गटावर नव्हे, त्यांच्या एकट्याच्या क्रमांकावर हा निरोप लिहिला:

'काका, नमस्कार. एक अडचण सांगायची आहे. आपल्या पाण्याचा टँकर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहाला येतो. हौदाचे झाकण फाटकाजवळच्या जागेत आहे. गेल्या शनिवारी झाकणावर तुमची गाडी होती. तुमची झोप मोडू नये म्हणून आम्ही तुम्हाला उठवले नाही, आणि टँकर परत गेला. आदल्या रात्री, म्हणजे सोमवारी आणि शुक्रवारी, गाडी मागच्या जागेत लावता येईल का? तिथे लावायला काही अडचण असेल तर तेही सांगा, आपण मिळून काहीतरी काढू. उद्याच्या टँकरसाठी आम्ही सकाळी सहाला तुमची बेल वाजवू. संध्याकाळी आम्ही घरीच आहोत.'

या निरोपात सौम्य करणारे शब्द जवळजवळ नाहीत. 'राग मानू नये' नाही, कारण ते वाचले की राग येण्याजोगे काय आहे ते माणूस शोधू लागतो. 'गैरसमज नसावा' नाही. 'कृपया' नाही. जे आहे ते सगळे तपासून पाहता येण्याजोगे आहे: दोन वार, एक वेळ, एक झाकण, एक शनिवार. मागणेही नेमके तेवढेच आहे. रोज रात्री जागा मोकळी ठेवा असे आम्ही म्हटले नाही, कारण रोज ती लागत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री मागितल्या. मागणे अडचणीएवढेच असले की ते मान्य करणे सोपे जाते. आणि आमच्या वाट्याची चूकही त्यात आहे. आम्ही उठवले नाही, हे खरे होते आणि ते लिहायला हवे होते.

कोणी म्हणेल, 'तुम्ही गाडी लावली होती' न लिहिता 'तुमची गाडी होती' असे लिहिलेत, मग 'करण्यात येते'वाल्यांत आणि तुमच्यात फरक काय? कर्ता तुम्हीही लपवलात. फरक आहे. परिपत्रकात माणूसच लपतो. कोणाबद्दल चालले आहे ते कळत नाही. इथे माणूस समोर आहे, गाडी त्याची आहे, दिवस ठरलेला आहे. आम्ही सोडून दिला तो फक्त त्याच्या हेतूचा उल्लेख, आणि तो सोडला कारण तो आम्हाला ठाऊकच नव्हता. ठाऊक नसलेला हेतू दुसऱ्याच्या माथी न मारणे म्हणजेच मुत्सद्दीपणा, असे आम्ही समजतो. बाकी सगळे स्पष्टच हवे.

निरोपातले शेवटून दुसरे वाक्य, उद्या बेल वाजवण्याचे, मुद्दाम वेगळे आहे. तातडीची गोष्ट आणि सवयीची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकात मिसळल्या की निरोप बिघडतो. टँकर दारात उभा असताना सवयीबद्दल लिहू नये. तेव्हा बेल वाजवावी आणि 'काका, टँकर आलाय, किल्ली देता का?' एवढेच म्हणावे. सवयीबद्दल लिहायचे ते काही अडलेले नसताना, शक्यतो संध्याकाळी. आणि गाडीचे छायाचित्र काढून जोडू नये. छायाचित्र हा पुरावा असतो, आणि पुरावा पुढे आला की समोरचा माणूस आपोआप आरोपी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचे उत्तर आले. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. मागची जागा दोन खांबांच्या मध्ये आहे, तिथे गाडी उलटी घ्यावी लागते. अंधारात त्यांना खांबाचा अंदाज येत नाही. एकदा घासली आहे. हे त्यांनी घरातही सांगितलेले नव्हते, कारण सांगितले असते तर मुलाने किल्लीच काढून घेतली असती. आमच्या पहिल्या सूचनेला हे उत्तर देणे त्यांना कधीच शक्य झाले नसते. आठ घरांसमोर कोण लिहील की मला रात्री दिसत नाही? पुढे पहिल्या मजल्यावरचा तो तरुण (ज्याच्याशी आम्ही आधी जाऊन समेट केला) सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी काकांची गाडी मागे नेऊन लावू लागला. खांबांना कमरेच्या उंचीवर पांढरा पट्टा मारला. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

दुसऱ्या टोकाला हक्कवाले आहेत. त्यांचे म्हणणे, जागा सामाईक आहे, कायदा आपल्या बाजूने आहे, मग विनंती कशाला? कायदा आहे, हे खरे. मोकळ्या खांबांच्या मजल्यावरची जागा बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्र गाळ्यासारखी विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्या खटल्यात स्पष्ट केले. मोठा निकाल आहे. पण तो जागा कोणाची ते सांगतो. मंगळवारी सकाळी साडेसहाला तिथे काय उभे असावे, ते सांगत नाही. ते घरमालकांच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावे लागते, आणि निरोपाने काम झाले नाही तर त्या इतिवृत्ताचाच आधार घ्यावा लागतो. निरोप कुठे संपतो हेही ओळखता येते. उत्तर जागेबद्दल न येता आपल्या सुराबद्दल आले, किंवा गाडी तीन दिवस मागे गेली आणि चौथ्या दिवशी काही न सांगता पुन्हा पुढे आली, तर दुसरा तसाच निरोप पाठवण्यात अर्थ नाही. एकदा समक्ष जाऊन बसावे, आणि तरीही जमले नाही तर विषय बैठकीत न्यावा. तिथे मात्र 'ठरविण्यात आले' हीच भाषा योग्य आहे, कारण ठरवणारे खरोखरच सगळे असतात.

काकांच्या उत्तराचा शेवट सांगायचा राहिला. रविवारी सकाळी आमच्याकडे एम. ए.चे विद्यार्थी वाचायला येतात. त्यांनी लिहिले होते: 'तुमच्या विद्यार्थ्यांच्या दुचाक्या जिन्यासमोर असतात. मला उतरताना कठड्याला धरून आडवे व्हावे लागते. दुसरीकडे लावता येतील का?' दुचाक्या सहा आहेत. फाटकाजवळ लावल्या तर झाकण अडते, मागे खांबांत काकांची गाडी असते. सध्या दोन विद्यार्थी चालत येतात, आणि उरलेल्या चार दुचाक्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.